लातूरची पाणीगाडी : स्वॉटचे चार चौकोन भरायचे कशाने?

केस प्रेझेंटेशनची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते. "स्वॉट करा म्हणतात, आम्ही करतो. चार चौकोन काढतो, प्रत्येकात पाच-सहा मुद्दे लिहितो. तरी सर म्हणतात, हे सगळं जनरल आहे. मग लिहायचं तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. स्वॉट म्हणजे बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके, एवढं पुस्तकात मिळतं. पण चौकोनात लिहिलेला मुद्दा खरा आहे की नुसता भरीचा, हे ओळखायचं कसं, ते कुठे फारसं सांगितलेलं नसतं. म्हणून आज आपल्या भागातली, सगळ्यांना माहीत असलेली एक केस घेऊ आणि तिच्यावर स्वॉट नीट करून बघू. केस आहे 2016 सालची लातूरची पाणीगाडी.

या केसवर विद्यार्थी साधारणपणे जी स्लाइड करतात, ती अशी असते. बलस्थानं: प्रशासनाची इच्छाशक्ती, लोकांचं सहकार्य. उणिवा: नियोजनाचा अभाव, निधीची कमतरता. संधी: शासकीय योजना, नवीन तंत्रज्ञान. धोके: हवामान बदल, लोकसंख्यावाढ. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण हीच स्लाइड रस्त्यांच्या केसला लावा, कचऱ्याच्या केसला लावा, दवाखान्याच्या केसला लावा, सगळीकडे चपखल बसते. जी सगळीकडे बसते, ती लातूरबद्दल काहीच सांगत नाही.

ही पद्धत आली कुठून

थोडा इतिहास आधी, कारण रोग कुठून सुरू झाला ते त्यातून कळतं. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट स्टुअर्ट आणि त्यांचे सहकारी कंपन्यांच्या दीर्घ मुदतीच्या नियोजनावर काम करत होते. त्यांच्या पद्धतीचं नाव होतं सॉफ्ट. त्यात 'सॅटिस्फॅक्टरी', 'ऑपॉर्च्युनिटी', 'फॉल्ट' आणि 'थ्रेट' असे चार भाग होते. ही पद्धत नियोजनाच्या कामासाठी होती. मुद्दे गोळा करायचे, त्यांच्यावर चर्चा करायची आणि त्यातून पुढच्या वर्षांची योजना बांधायची, असा तो प्रवास होता. चौकोनांचा तक्ता हा त्या प्रवासातला एक टप्पा होता, शेवट नव्हता. पुढे नावं बदलली, सॉफ्टचं स्वॉट झालं, वर्गावर्गात पोहोचलं आणि मधला प्रवास गळून फक्त तक्ता उरला.

याचा परिणाम काय झाला, ते 1997 मध्ये टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक यांनी 'लाँग रेंज प्लॅनिंग' या नियतकालिकात दाखवलं. ब्रिटनमधल्या ज्या कंपन्यांनी सल्लागारांच्या मदतीने स्वॉट केलं होतं, अशा 20 कंपन्यांचे तक्ते त्यांनी तपासले. सरासरी 40 पेक्षा जास्त मुद्दे होते. मुद्दे मोघम होते, त्यांना क्रम लावलेला नव्हता, कुठलाही मुद्दा पडताळून पाहिलेला नव्हता. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढचे निर्णय घेताना त्या तक्त्याचा कोणीही उपयोग केला नव्हता. म्हणजे आपली तक्रार फक्त आपल्या वर्गाची नाही. पैसे मोजून सल्लागार आणणाऱ्या कंपन्यांचीही तीच गत होती.

एप्रिल 2016 मध्ये काय घडलं

आता केस. 2014 आणि 2015 अशी सलग दोन वर्षं देशात मान्सून सरासरीपेक्षा बराच कमी झाला आणि मराठवाड्याला त्याचा मोठा फटका बसला. लातूर शहराला पाणी मिळायचं ते मांजरा धरणातून. हे धरण बीड जिल्ह्यात धनेगावला आहे आणि त्याचा उपयुक्त साठा सुमारे 177 दशलक्ष घनमीटर आहे. तो साठा संपला. मार्च 2016 मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाला कलम 144 लावावं लागलं.

मग रेल्वेने पाणी आणायचं ठरलं. पाणी कृष्णेचं, भरायचं मिरजेला, अंतर 342 किलोमीटर. एरवी तेल वाहणाऱ्या टाकीच्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आणल्या. 12 एप्रिलला पहाटे 10 वाघिणींची पहिली गाडी लातूरला आली, पाणी साधारण 5 लाख लिटर. 20 एप्रिलला 50 वाघिणींची गाडी आली, पाणी 25 लाख लिटर. लातूर स्टेशनजवळच्या एका विहिरीत पाणी उतरवायचं, तिथून शुद्धीकरण केंद्रात न्यायचं आणि मग शहरात वाटायचं, असा क्रम होता. ऑगस्टपर्यंत या गाडीने शंभराहून जास्त फेऱ्या केल्या आणि सुमारे 26 कोटी लिटर पाणी आणलं.

एवढ्या माहितीवर स्वॉट करायचं आहे. पण चौकोन काढायच्या आधी तीन गोष्टी एका ओळीत लिहून ठेवाव्या लागतात. ती ओळ नसेल तर पुढचं सगळं मोघम होणारच.

आधीची ओळ: कोणाचं, कशासाठी, कोणत्या तारखेला

पहिली गोष्ट, स्वॉट कोणाचं? "लातूरचं स्वॉट" असं काही नसतं. महानगरपालिकेचं असतं, जिल्हा प्रशासनाचं असतं, रेल्वेचं असतं. बलस्थानं आणि उणिवा म्हणजे त्या संस्थेच्या हातातल्या गोष्टी. संधी आणि धोके म्हणजे तिच्या हाताबाहेरच्या गोष्टी. संस्था बदलली की मुद्दा एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात जातो. टाकीच्या वाघिणी रेल्वेसाठी बलस्थान आहेत, कारण त्या तिच्या मालकीच्या आहेत. महानगरपालिकेसाठी त्याच वाघिणी संधी आहेत, आणि रेल्वेला त्या तेलासाठी परत हव्या झाल्या तर तोच धोका आहे. संस्था न ठरवता वाघिणी "बलस्थान" मध्ये टाकल्या की परीक्षकाचा पहिला प्रश्न तिथेच येतो.

दुसरी गोष्ट, कोणत्या निर्णयासाठी? आपण निर्णय घेऊ: रोज 25 लाख लिटर येणार असेल तर महानगरपालिकेने ते पाणी पावसाळ्यापर्यंत नळाने सोडावं की टँकरने वाटावं? निर्णय एवढा नेमका असला की कोणता मुद्दा ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे आपोआप ठरतं. उसाचंच बघा. लातूरच्या पाण्यावर बोलताना ऊस येतोच, आणि यायलाही हवा. पण नळ की टँकर हे ठरवताना उसाचा काही उपयोग नाही, तो मुद्दा या तक्त्यात भरीचा आहे. तेच निर्णय जर "पुढच्या दहा-वीस वर्षांसाठी उजनीहून पाइपलाइन आणावी का" असा असेल, तर मांजराच्या लाभक्षेत्रातलं पीक हा पहिल्या दोन मुद्द्यांत येईल. मुद्दा तोच, निर्णय बदलला की वजन बदलतं.

तिसरी गोष्ट, तारीख. इथे इतिहासाची शिस्त कामाला येते. जुनी केस करताना पुढे काय झालं ते आपल्याला माहीत असतं, आणि ते नकळत तक्त्यात घुसतं. 2016 च्या पावसाळ्याच्या शेवटी लातूर भागात मुसळधार पाऊस झाला आणि मांजरा धरण भरलं. म्हणून बरेच जण संधीमध्ये लिहितात "2016 चा चांगला पाऊस". पण 20 एप्रिलला निर्णय घेणाऱ्या माणसाला हा पाऊस दिसत नव्हता. त्याच्या हातात काय होतं? 12 एप्रिलला, म्हणजे पहिली गाडी आली त्याच दिवशी, हवामान खात्याने आपला पहिला अंदाज जाहीर केला होता: देशात मान्सून दीर्घकालीन सरासरीच्या 106 टक्के. हा अंदाज तक्त्यात येऊ शकतो. पण तोही त्याच्या मर्यादेसह: तो सगळ्या देशाचा आहे, मांजराच्या पाणलोट क्षेत्राचा नाही.

तसंच बिलाचं. मे महिन्यात रेल्वेने तोपर्यंतच्या 6 कोटी 20 लाख लिटरसाठी सुमारे 4 कोटी रुपयांचं बिल दिल्याच्या बातम्या आल्या. भागाकार केला तर लिटरला साधारण 64 पैसे पडतात. आकडा मोहात पाडणारा आहे, पण आपली तारीख 20 एप्रिल असेल तर तो तक्त्यात येणार नाही. त्या दिवशी खरा असलेला मुद्दा एवढाच: या वाहतुकीचा खर्च शेवटी कोण देणार हे ठरलेलं नाही.

तर आपली ओळ अशी: लातूर महानगरपालिका, रोजच्या 25 लाख लिटरचं वाटप, 20 एप्रिल 2016. स्लाइडच्या माथ्यावर ही ओळ लिहा.

नाव बदलून बघा

विज्ञान शाखेतून आलेल्यांना 'कंट्रोल' माहीत असतो. ज्या नमुन्यावर आपण प्रयोग केलेलाच नाही त्यातही तोच परिणाम दिसला, तर तो परिणाम प्रयोगाचा नाही. स्वॉटच्या मुद्द्यालाही असा कंट्रोल लावता येतो. वाक्यातलं "लातूर" काढा आणि "नांदेड" घाला. वाक्य तरीही खरं राहिलं तर तो मुद्दा लातूरचा नाही.

"शहराची लोकसंख्या वाढते आहे" हे नांदेडलाही लागू. काढा. "पाणी वाटपाचं नियोजन नाही" हेही कुठल्याही शहराला चिकटवता येतं. काढा. आता हे बघा: "शहराचा मुख्य पुरवठा दुसऱ्या जिल्ह्यातल्या एकाच धरणावर आहे आणि ते कोरडं पडलं आहे." नांदेडला हे वाक्य बसत नाही. नांदेड गोदावरीच्या काठावर आहे आणि शहराला लागूनच विष्णुपुरी प्रकल्पाचा बंधारा आहे. तिथल्या अडचणी वेगळ्या, म्हणून तिथलं वाक्यही वेगळं होईल. हा मुद्दा ठेवा.

एक काळजी मात्र घ्या. शहराचं किंवा धरणाचं नाव घातलं की मुद्दा नेमका होतो, असं नाही. "मांजरा नदीच्या पाण्याचं नियोजन नाही" यात नाव आहे, पण नाव काढल्यावर मागे काहीच उरत नाही. चाचणी वाक्यातल्या शब्दाची नाही, त्यामागच्या वस्तुस्थितीची आहे.

संधीचा एक मुद्दा, मुळापर्यंत

"शासकीय मदत" हा संधीच्या चौकोनातला सगळ्यात लाडका मुद्दा. लातूरच्या बाबतीत त्याच्या तळाशी गेलं तर काय सापडतं, ते बघू.

दुष्काळ फक्त लातूरला नव्हता. मग रेल्वे लातूरलाच का पोहोचू शकली? त्यासाठी तीन गोष्टी एकत्र असाव्या लागतात: पाणी असलेली नदी, तिच्याजवळ वाघिणी भरता येतील असं स्टेशन, आणि तिथून थेट लातूरपर्यंत एकाच रुंदीचा रूळ. तिसऱ्या गोष्टीमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा 1897 मध्ये सुरू झाला. रूळ अरुंद, 762 मिलिमीटरचे. 1911 मध्ये ही गाडी लातूरला पोहोचली आणि दुसऱ्या बाजूने 1927 मध्ये मिरजेला. म्हणजे लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज असा मार्ग तेव्हापासून होता, पण नॅरोगेजचा. ब्रॉडगेजची वाघीण त्यावर चालूच शकत नाही. लातूर ते कुर्डुवाडी हा भाग 2008 पर्यंत ब्रॉडगेज झाला आणि पंढरपूर ते मिरज हा भाग 2010-11 च्या सुमारास. हाच दुष्काळ दहा वर्षं आधी पडला असता, तर 50 वाघिणींची गाडी मिरजेहून या मार्गाने लातूरला येऊच शकली नसती.

आता "शासकीय मदत" च्या जागी वाक्य असं होतं: "मिरज ते लातूर सलग ब्रॉडगेज आता उपलब्ध आहे, म्हणून कृष्णेचं पाणी वाघिणी न बदलता थेट शहरात येतं." हे वाक्य नांदेडच्या काय, दुसऱ्या कुठल्याच शहराच्या स्लाइडवर जाणार नाही. शिवाय रेल्वेने शहराला पाणी नेणं हे पहिल्यांदाच घडत नव्हतं. 1986 मध्ये गुजरातेत राजकोटला असं पाणी नेलं होतं. म्हणजे ही संधी कल्पनेतली नाही, तिला आधार आहे.

मोघम मुद्दा सापडला की तो लगेच खोडू नका. आधी त्याला "म्हणजे नेमकं काय?" असं दोन-तीन वेळा विचारा. बऱ्याचदा त्याच्या खाली खरा मुद्दा दबलेला असतो.

उणिवांना आकडा लावा

उणिवांच्या चौकोनात "जुनी पाइपलाइन" असं लिहून थांबतात. आपल्या निर्णयासाठी त्याचा अर्थ काय, ते आकड्यांतच कळतं.

आधी पाणी किती आहे ते पाहू. 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे 3 लाख 83 हजार होती. 25 लाख लिटरला तिने भागलं तर माणशी साडेसहा लिटर. शहरी नळयोजनेसाठी आपल्याकडे माणशी रोज 135 लिटर धरतात. आपत्तीत किमान 15 लिटर तरी मिळावं, असा आंतरराष्ट्रीय मदतकार्यातला संकेत आहे. म्हणजे 50 वाघिणींची पूर्ण गाडी रोज आली तरी ती त्या किमान गरजेच्या निम्म्यापेक्षा कमी पाणी आणते. सगळ्या मोसमात आणलेलं 26 कोटी लिटर पाणीही भरलेल्या मांजराच्या उपयुक्त साठ्याच्या अर्ध्या टक्क्याइतकंसुद्धा नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: हे पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी आहे. याला शहराचा पाणीपुरवठा म्हणता येणार नाही.

आता नळाचं बघू. 300 मिलिमीटर व्यासाची एक किलोमीटर पाइपलाइन नुसती भरायलाच सुमारे 70 हजार लिटर पाणी लागतं. त्रिज्या 0.15 मीटर घेऊन नळकांड्याचं घनफळ काढा, उत्तर मिळेल. अशी 35 किलोमीटर लाइन असेल तर सगळी गाडी पाइपातच मावते, घरच्या नळाला थेंब येत नाही. त्यात गळती धरलेलीच नाही. म्हणून उणीव "जुनी पाइपलाइन" ही नाही. उणीव अशी आहे: "शहराचं जाळं कोट्यवधी लिटरसाठी बांधलेलं आहे, 25 लाख लिटरवर त्यात दाब धरता येत नाही." पाइपलाइन अगदी नवी असती तरी ही अडचण राहिलीच असती. आकडा लावल्यावर मुद्दा नेमका तर होतोच, पण कधी कधी बदलतोही.

टँकरचीही परीक्षा घ्यायला हवी, नाहीतर आपण एकाच बाजूला झुकू. 10 हजार लिटरचा टँकर धरला तर 25 लाख लिटरसाठी रोज 250 खेपा लागतात. एका टँकरच्या दिवसाला पाच खेपा झाल्या तर 50 टँकर हवेत, दहा झाल्या तर 25 पुरतात. हे खेपांचे आकडे मी गणितासाठी धरलेत, पण अडचण कुठे आहे ते त्यातून दिसतं. टँकरची संख्या ठरते ती भरायला आणि रिकामा व्हायला किती वेळ लागतो त्यावर. म्हणून विहिरीवरचा पंप तासाला किती पाणी उपसतो आणि भरण्याच्या जागी एका वेळी किती टँकर लागू शकतात, हे दोन आकडे केसच्या कागदांत शोधा. ते नसतील तर प्रेझेंटेशनमध्ये सरळ सांगा की निर्णय या दोन आकड्यांवर अडतो. परीक्षकाला हे ऐकायला आवडतं, कारण माहितीतलं नेमकं भोक तुम्ही दाखवलेलं असतं.

चार चौकोन, चार वाक्यं

सगळं झाल्यावर स्लाइडवर फार थोडं उरतं. प्रत्येक चौकोनात एक-दोन वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "म्हणून". ज्याच्या पुढे "म्हणून" लिहिता येत नाही, तो मुद्दा निर्णयाला हात लावत नाही.

बलस्थान: मांजराच्या पाण्यासाठी उभारलेली शुद्धीकरणाची सोय शहरात आहे आणि धरण कोरडं पडल्यामुळे तिच्यावर ताण नाही, म्हणून आलेलं पाणी शुद्ध करून वाटता येतं.

उणीव: शहराचं जाळं एवढ्या कमी पाण्यावर दाब धरत नाही, म्हणून हे पाणी नळाला सोडू नये.

संधी: मिरज ते लातूर सलग ब्रॉडगेज आहे आणि धुतलेल्या 50 वाघिणी मिळाल्या आहेत, म्हणून पिण्यापुरत्या पाण्याची रोजची खात्री धरता येते.

धोका: वाघिणी रेल्वेच्या आहेत, खर्चाचा निर्णय झालेला नाही आणि पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लावावी लागली आहे, म्हणून वाटपाच्या जागा वॉर्डनिहाय पसरवाव्यात आणि गाडी एखादा दिवस चुकली तर पुरेल एवढा साठा हाताशी ठेवावा.

शेवटची पायरी म्हणजे चौकोन एकमेकांना जोडणं. हाइन्झ वाइरिख यांनी 1982 मध्ये यासाठीच चौकोन उलटसुलट जोडण्याची मांडणी दिली, तिला टाउज म्हणतात. आपल्या केसमध्ये उणीव आणि संधी जोडली की उत्तर मिळतं: रेल्वेचं पाणी फक्त पिण्यासाठी, टँकरने, माणशी ठरलेल्या मापाने. उणीव आणि धोका जोडला की सावधगिरी मिळते: एका कोरड्या धरणावरून आपण एका गाडीवर आलो आहोत, आधार अजूनही एकच आहे, म्हणून वापराचं पाणी जवळपासच्या बंधाऱ्यांतून आणि विंधन विहिरींतून वेगळं चालू ठेवावं. 2016 मध्ये शहरात पाण्याचं वाटप मुख्यतः टँकरनेच झालं. आपलं उत्तर त्याच्याशी जुळतं म्हणून ते बरोबर ठरत नाही. ते बरोबर ठरतं ते साडेसहा लिटर आणि 70 हजार लिटर या दोन आकड्यांमुळे.

स्वॉट कुठे थांबतं

या तक्त्याने नळ की टँकर हे ठरलं. लातूर कोरडं का पडलं, हे त्याने सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. त्यासाठी मांजराच्या पाणलोटातला पाऊस, धरणातल्या साठ्याच्या वर्षावर्षाच्या नोंदी, भूजलाची पातळी आणि पीकपद्धती एकत्र मांडावी लागेल, तो वेगळा अभ्यास आहे. केसच्या प्रश्नात "का" असेल तर आधी कारणं शोधा. "आता काय करावं" असेल तर स्वॉट घ्या. दोन्ही प्रश्न एकाच तक्त्यात कोंबले की चौकोन पुन्हा भरीच्या मुद्द्यांनी फुगतात.

उद्या तुम्हाला नांदेडच्या पाण्याची केस मिळाली तर वरची चार वाक्यं उचलून चालणार नाहीत, फक्त क्रम उचला. संस्था, निर्णय आणि तारीख माथ्यावर लिहा. मग विष्णुपुरीत त्या तारखेला किती साठा होता, त्यातलं शहरासाठी किती राखीव होतं आणि शेतीसाठी किती उपसलं जात होतं, हे तीन आकडे आधी शोधा. ते मिळेपर्यंत चारही चौकोन रिकामे राहिले तरी चालतील.